टेस्ट सिरीजचा फुकट पेपर: एकाच आठवड्यात मला ११८, ८४ आणि १२८.५ गुण. विश्वास कशावर ठेवायचा?

केतकी_सातारा

नमस्कार मंडळी. राज्यसेवा पूर्वसाठी टेस्ट सिरीज घ्यायची आहे. मागच्या वेळी मैत्रिणीच्या सांगण्यावरून एका संकेतस्थळाची सिरीज २,४९९ रुपयांना घेतली. चौथ्या पेपरनंतर ती उघडावीशीच वाटली नाही, कारण निम्मा वेळ उत्तरं चूक की मी चूक हे शोधण्यात जायचा. आई-बाबांनी दिलेले पैसे होते, त्यामुळे ते जास्तच लागलं.

यंदा ठरवलं की आधी फुकटचा पेपर सोडवायचा, मगच पैसे. तीन संकेतस्थळं निवडली. तिन्हींवर सामान्य अध्ययनाचा एक पूर्ण पेपर मोफत आहे: १०० प्रश्न, २०० गुण, दोन तास. शुक्रवार, शनिवार, रविवार रोज सकाळी एक सोडवला. पहिल्यावर ११८, दुसऱ्यावर ८४, तिसऱ्यावर १२८.५ गुण आले.

माणूस तोच, अभ्यास तोच. मग यातला खरा आकडा कुठला? आणि एवढ्याशा नमुन्यावरून पुढचे तीस पेपर कसे असतील हे ओळखायचं कसं? नावं मुद्दाम देत नाही, मला पद्धत हवी आहे.

विनायककाका

केतकी, फार विचार करू नकोस. जिथे स्वस्तात जास्त पेपर मिळतील ते घे. आमच्या वेळी एक गाइड असायचं, तेच पाच वेळा सोडवायचो आणि लागलो नोकरीला. हात चालता राहणं महत्त्वाचं. पेपर चांगला की वाईट हे बघण्यात आठवडा घालवलास तर तेवढ्या वेळात भूगोल वाचून झाला असता.

सिंहगडरोड

८४ वालं घ्या. जिथे कमी पडतात तिथेच तयारी होते. आयोगाचा पेपर अवघडच असतो, सोप्या पेपरमध्ये मार्क घेऊन खूश होण्यात अर्थ नाही. आमच्या अभ्यासिकेतले सगळे अवघड सिरीजच लावतात.

आकडेमोड

केतकीताई, तिन्ही पेपरमधले बरोबर, चूक आणि सोडलेले प्रश्न किती ते टाकता का? १२८.५ हा आकडा मला खटकतोय.

केतकी_सातारा

हो, वहीत आहेत.
पहिला: ६५ बरोबर, २४ चूक, ११ सोडले.
दुसरा: ५१ बरोबर, ३६ चूक, १३ सोडले.
तिसरा: ६८ बरोबर, ३० चूक, २ सोडले.

आकडेमोड

पूर्व परीक्षेच्या पहिल्या पेपरला प्रश्नाला २ गुण, आणि चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या गुणांचा एक चतुर्थांश वजा, म्हणजे अर्धा गुण.

पहिला: १३० वजा १२, बरोबर ११८. दुसरा: १०२ वजा १८, बरोबर ८४. तिसरा: १३६ वजा १५ म्हणजे १२१ यायला हवे. तुम्हाला १२८.५ मिळाले, कारण त्यांनी चुकीला अर्ध्याऐवजी पाव गुण कापलाय. ३० चुकांचे साडेसात. कुणीतरी 'पाव' एवढंच ऐकलं आणि कशाचा पाव हे पाहिलं नाही.

साडेसात गुण म्हणून ही चूक लहान वाटेल, पण तिसऱ्या पेपरात तुम्ही फक्त २ प्रश्न सोडलेत. वजाबाकी सौम्य दिसली की हात सैल सुटतो आणि शंका असलेला प्रश्नही ठोकला जातो. अशा तीस पेपरांनी तीच सवय लागेल आणि खऱ्या परीक्षेत ती महागात पडेल. त्यामुळे पहिली तपासणी ही: निकाल आला की स्वतः कागदावर गुण मोजा. दोन मिनिटांचं काम आहे.

केतकी_सातारा

हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. मनापासून आभार. उलट तिसऱ्यावर सगळ्यात जास्त गुण आले म्हणून त्याकडेच माझं मन झुकलं होतं.

रेगूर

उशिरा आलो. दोनदा मुख्य परीक्षा दिली आहे, सध्या शासकीय सेवेत आहे, आणि गावाकडच्या अभ्यासिकेतल्या मुलांना अजूनही पेपर निवडून देतो. त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

तीन आकड्यांतला खरा कुठला, याचं उत्तर त्या तिघांकडे नाही. त्यासाठी चौथा आकडा लागतो. mpsc.gov.in वर आयोगाच्या मागच्या प्रश्नपत्रिका आणि उत्तरतालिका आहेत. त्यातला तुम्ही आजवर न सोडवलेला एक पूर्वचा पेपर छापून घ्या. दोन तास लावा, गोल काळ्या पेनाने भरा, आणि अंतिम उत्तरतालिकेवरून तपासा. पहिली तालिका घेऊ नका, कारण हरकती आल्यावर उत्तरं बदलतात, काही प्रश्न रद्दही होतात. समजा तुम्हाला तिथे ११० आले. मग ११८ देणारा पेपर तुमच्या आसपासचा आहे आणि ८४ देणारा दुसऱ्याच कुठल्या तरी परीक्षेचा आहे.

त्यानंतर मोफत पेपरातले प्रश्न क्रमांक ५, १०, १५ असे १०० पर्यंत २० प्रश्न उचला. पहिले वीस नका घेऊ, तिथे बहुधा चांगला माल मांडलेला असतो. प्रत्येक प्रश्नासाठी वहीत तीन गोष्टी लिहा: प्रश्न कुठून आला, उत्तर मूळ पुस्तकात किंवा सरकारी पानावर तसंच आहे का, आणि स्पष्टीकरणात बाकीचे पर्याय का चूक हे सांगितलंय का. एक दुपार जाते. पण अडीच हजार रुपये आणि सहा महिन्यांच्या मानाने एक दुपार काहीच नाही.

सिंहगडरोड यांच्याशी मी सहमत नाही, त्यावर केतकी यांनी वीस प्रश्न तपासल्यावर बोलू.

रानवारा

मी पोलीस भरतीची तयारी करतोय. आमच्यात निगेटिव्ह नसतं. ९० मिनिटांत १०० प्रश्न. मग आम्हीपण हेच करायचं का? मी एक ॲप घेतलंय, त्यात लेखीचे २०० पेपर आहेत पण सगळ्यांत गणित सेमच वाटतंय, नुसते आकडे बदललेत.

रेगूर

रानवारा, गणिताला आकडे बदलून सराव करणं वाईट नाही, काळ-काम-वेग तसाच पक्का होतो. पण २०० पेपर म्हणून पैसे घेतले आणि प्रत्यक्षात १५ पेपरांचीच उलटापालट असेल तर ती फसवणूक. पेपर ३ आणि पेपर ४० शेजारी ठेवा आणि सामान्य ज्ञानाचे प्रश्न जुळवा. दहापैकी चार सारखे निघाले तर समजून जा. आणि पोलीस भरतीत जिल्ह्याजिल्ह्याचे पेपर वेगळे असतात, त्यामुळे तुम्ही ज्या घटकात फॉर्म भरणार त्याचे जुने पेपर आधी मिळवा.

लेकीची_आई

माझी मुलगी तलाठीसाठी बसली होती. अभ्यासाचं मला कळत नाही, पण पैशाचं सांगते. 'सात दिवस मोफत' म्हणून तिने एका ठिकाणी नाव नोंदवलं. एक रुपया भरायचा होता, तो भरला. आठव्या दिवशी माझ्या खात्यातून ९९९ गेले. एक रुपया भरताना यूपीआयवर जी मंजुरी दिली, त्यातच पुढचे पैसे आपोआप कापायची परवानगी होती. पोरीने घाईत पिन टाकला, स्क्रीनवर काय लिहिलंय ते वाचलं नाही.

पैसे परत मिळाले नाहीत. पण पुढच्या महिन्याचे वाचले, कारण भाच्याने यूपीआय ॲपमध्ये 'ऑटोपे' नावाच्या ठिकाणी जाऊन ती मंजुरी रद्द करून दिली. अभ्यासाचं ॲप काढून टाकल्याने ती रद्द होत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. म्हणून केतकी, जिथे नमुन्यासाठी एक रुपयासुद्धा मागतात तिथे जरा थांब गं.

आकडेमोड

हे फार महत्त्वाचं लिहिलंत ताई. खरा मोफत पेपर द्यायला कुणालाही यूपीआयची मंजुरी लागत नाही. असे पैसे कापले गेले तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून बघावी. पैसे मिळतीलच असं नाही, पण तक्रार कंपनीपर्यंत पोहोचते.

गोदाकाठ

पैशाचा विषय निघालाय म्हणून माझी हकिगत. फेब्रुवारी २०२४ मध्ये सहा महिन्यांची सिरीज घेतली. राज्यसेवा पूर्व २८ एप्रिल २०२४ ला होती, मला वाटलं सहा महिने म्हणजे चिक्कार. आरक्षणाच्या बदलामुळे ती पुढे गेली. मग जुलैची तारीख, मग २५ ऑगस्ट. त्या दिवशी दुसरी परीक्षा येत होती म्हणून पुण्यात मुलं रस्त्यावर बसली आणि पुन्हा तारीख हलली. परीक्षा झाली १ डिसेंबर २०२४ ला. माझी सिरीज ऑगस्टातच संपली होती. ऐन शेवटच्या तीन महिन्यांत सोडवलेले पेपरसुद्धा उघडेनात, माझ्या चुकांची नोंद त्यातच होती. पुन्हा पैसे भरा म्हणाले.

तेव्हापासून मी दोन गोष्टी करतो. मुदत 'सहा महिने' आहे की 'परीक्षा होईपर्यंत' हे पैसे भरायच्या आधी ईमेलने विचारतो आणि उत्तर जपून ठेवतो. दुसरं, मोफत पेपर सोडवला की त्याची पीडीएफ उतरवता येते का ते बघतो. मोफत पेपरची उतरत नसेल तर विकतच्याचीही उतरणार नाही.

सिंहगडरोड

@गोदाकाठ, अगदी. त्या वर्षी आमच्या अभ्यासिकेत प्रत्येकाचं हेच झालं होतं.

विनायककाका

अरे बापरे, आता हे मला माहीत नव्हतं. आमच्या गाइडला मुदत नव्हती, फक्त वाळवी लागायची.

केतकी_सातारा

मंडळी, काल दुपारी बसले. रेगूरदादांनी सांगितल्याप्रमाणे दुसऱ्या संकेतस्थळाचे, म्हणजे ८४ गुण वाल्याचे, वीस प्रश्न तपासले. जे सापडलं ते लिहिते.

प्रश्न १५: लोकसभेची कमाल सदस्यसंख्या किती? त्यांचं उत्तर ५५२. मी ५५० दिलं होतं म्हणून चूक धरलं.

प्रश्न ३५: महाराष्ट्र विधान परिषदेत विधानसभा सदस्यांकडून किती जण निवडले जातात? त्यांचं उत्तर २६, स्पष्टीकरण '७८ चा एक तृतीयांश'. मी ३० दिलं होतं, तेही चूक धरलं.

प्रश्न ६०: अभिजात भाषांची संख्या ६. इथे तर मी हसलेच, मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आमच्या गल्लीत पेढे वाटले होते.

प्रश्न ८०: 'एखादे विधेयक पैसे बिल आहे की नाही हे कोण ठरवतो?' आणि पर्यायांत 'वक्ता'. मी तो प्रश्न सोडूनच दिला होता, कळलाच नव्हता.

उरलेल्या सोळांपैकी पाच आयोगाच्या जुन्या पेपरांतले जसेच्या तसे, वर्ष न लिहिता. तीन प्रश्न असे की मला कुठल्याच पुस्तकात उत्तर सापडलं नाही. आठ ठीक होते.

रेगूर

केतकी, फार नीट काम केलंत. एकेक घेऊ.

५५२ हा जुना आकडा. राज्यांचे ५३०, केंद्रशासित प्रदेशांचे २०, आणि राष्ट्रपतींनी नेमायचे दोन अँग्लो-इंडियन असे मिळून ५५२ व्हायचे. १०४ व्या घटनादुरुस्तीने त्या दोन जागांची मुदत वाढवली नाही, जानेवारी २०२० मध्ये ती संपली. म्हणजे हा प्रश्न त्याआधीच्या कुठल्या तरी संचातून उचललाय आणि नंतर कुणी पाहिलेला नाही.

विधान परिषदेची चूक मला जास्त गंभीर वाटते. घटनेत 'शक्यतो एक तृतीयांश' असं आहे. प्रत्यक्षात महाराष्ट्रात विधानसभेकडून ३०, स्थानिक स्वराज्य संस्थांकडून २२, पदवीधर ७, शिक्षक ७ आणि राज्यपालनियुक्त १२ आहेत. बेरीज करा, ७८ येते. प्रश्न काढणाऱ्याने भागाकार केला आणि आकडा छापला, कुठेही पडताळला नाही. जुनं उत्तर म्हणजे आळस म्हणू, इथे तर उत्तर बनवलंय.

अभिजात भाषा २०२४ च्या ऑक्टोबरपर्यंत सहा होत्या. मग मराठी, बंगाली, आसामी, पाली आणि प्राकृत आल्या आणि अकरा झाल्या. असे दोन-चार 'तारखेचे प्रश्न' प्रत्येक पेपरात असतातच. जिल्ह्यांची नावं धाराशिव, छत्रपती संभाजीनगर, अहिल्यानगर अशी आहेत की जुनीच? फौजदारी कायद्यावर प्रश्न असेल तर भारतीय न्याय संहिता आहे की अजून दंड संहिताच? ती १ जुलै २०२४ पासून बदलली. यावरून पेपर शेवटचा कधी हाताळला ते कळतं, मुखपृष्ठावर वर्ष काहीही लिहिलेलं असो.

आणि 'वक्ता' म्हणजे लोकसभेचे अध्यक्ष, 'पैसे बिल' म्हणजे धन विधेयक. इंग्रजी प्रश्न यंत्रात घालून काढलेलं मराठी आहे ते. पुढच्या पेपरांत 'खालचे घर' पण भेटेल.

सिंहगडरोड

वक्ता 😀 आमच्या सिरीजमध्ये 'टाकी सिंचन' होतं. तलावावरचं सिंचन म्हणायचं होतं त्यांना.

पण रेगूर, एक मुद्दा राहतोच. चुका बाजूला ठेवल्या तरी अवघड पेपरचा फायदा होतो की. घाम गाळायची सवय लागते.

रेगूर

अवघड असण्याचे दोन प्रकार आहेत. आयोग अवघड करतो ते विधानं जोडून. तीन विधानं देतात, दोन तुम्हाला माहीत असतात, तिसऱ्यात एक शब्द फिरवलेला असतो. वाचलेलंच असतं, पण काठावर उभं करतात. दुसरा प्रकार म्हणजे कुठल्या तरी समितीच्या अहवालाचं पान, कुठल्या तरी संस्थेचं स्थापनेचं साल. केतकींना जे तीन प्रश्न कुठल्याच पुस्तकात सापडले नाहीत ते याच प्रकारचे असणार. असे पेपर सोडवून मुलं राज्य मंडळाची पुस्तकं बाजूला ठेवतात आणि चिल्लर माहितीच्या मागे लागतात. मी स्वतः पहिल्या प्रयत्नात एक वर्ष असंच घालवलं, म्हणून कळकळीने सांगतोय.

सिंहगडरोड

मुद्दा समजला. तरी मला वाटतं सोप्या पेपरपेक्षा थोडा अवघडच बरा. यावर आपलं एकमत होणार नाही.

प्रश्न_काढायचो

मी दोन वर्षं एका अशा कंपनीसाठी प्रश्न काढायचो, आता सोडलंय. नाव सांगणार नाही. आतून कसं चालतं ते सांगितलं तर इथे उपयोग होईल.

मला प्रश्नामागे दहा रुपये मिळायचे. दिवसाला पन्नास प्रश्न काढले तरच घरभाडं निघायचं. एक चांगला विधानांचा प्रश्न, चारही पर्यायांच्या स्पष्टीकरणासह, नीट करायला अर्धा तास लागतो. मग पन्नास कसे होणार? जुने पेपर, पुस्तकाच्या मागचे प्रश्न, इंग्रजी संकेतस्थळं, असं करून आकडा गाठायचो. उत्तर कुणी दुसऱ्याने तपासायचं ठरलं होतं, पण तो दुसरा माणूसही मीच असायचो.

मात्र पहिला पेपर वेगळा. तो आमचे दोन अनुभवी शिक्षक पंधरा दिवस बसून करायचे, कारण मोफत म्हणून तोच दिला जायचा. त्यामुळे रेगूर यांची वीस प्रश्नांची पद्धत उत्तम असली तरी एक मर्यादा लक्षात घ्या. मोफत पेपर वाईट निघाला तर बाकीचे नक्कीच वाईट. मोफत पेपर चांगला निघाला तर मात्र अजून काहीच सिद्ध झालेलं नाही.

मधला पेपर बघायला मिळाला पाहिजे, दहावा किंवा चौदावा. ज्याने सिरीज घेतलीय त्याच्या शेजारी बसून त्याच्याच फोनवर पाहा. पासवर्ड मागू नका, दोन ठिकाणी उघडल्यावर त्याचं खातं बंद पडू शकतं. ओळखीचं कुणी नसेल तर त्यांना सरळ लिहा की मला पहिला नको, चौदावा नमुना म्हणून दाखवा. दहा प्रश्न तरी द्या म्हणा. ज्यांचा माल बरा आहे ते देतात.

आकडेमोड

हा प्रतिसाद सोन्यासारखा आहे. याला जोडून एक तपासणी. घाईत प्रश्न काढणारा माणूस बरोबर पर्याय नकळत लांब आणि तपशीलवार लिहितो, चुकीचे तीन पर्याय एकेका शब्दात उरकतो. प्रश्न न वाचता नुसता सगळ्यात लांब पर्याय निवडत गेलात तर १०० पैकी साधारण पंचविसाच्या आसपास बरोबर यायला हवेत. फार जास्त आले तर तो पेपर तुमचं ज्ञान मोजत नाहीये.

प्रश्न_काढायचो

खरं आहे. मीही तसंच करायचो. आता वाचून वाईट वाटतंय.

केतकी_सातारा

आकडेमोडदादा, करून पाहिलं. माझी धाकटी बहीण बारावीला आहे, शास्त्र शाखेची, एमपीएससीशी तिचा काही संबंध नाही. तिसऱ्या संकेतस्थळावर तिच्या नावाने खातं काढलं आणि सांगितलं की प्रश्न वाचायचाच नाही, लांब पर्याय दिसेल तो दाब. अकरा मिनिटांत पेपर संपवला तिने. ४७ बरोबर!

मग आम्ही दोघींनी मिळून पाहिलं. एक प्रश्न असा होता: महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ कोणतं? पर्याय: लोणार, उजनी, ठाणे खाडी, आणि 'नाशिक जिल्ह्यातील नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्य'. मला उत्तर येत होतं, पण न येणाऱ्यालाही ते आलंच असतं. माझे ६८ बरोबर कुठून आले ते कळलं.

पहिल्या संकेतस्थळावरही तिला तेच करायला लावलं. तिथे २८ आले.

आणि तिसऱ्यावर तिचा क्रमांक आला १२,००० पैकी ५,१०० वा. न वाचता! मग माझा तिथला ३४० वा क्रमांक बघून मी आईला फोन केला होता, त्याचं काय समजायचं?

आकडेमोड

बहिणीला शाबासकी द्या, फार नेमकं काम केलंय तिने. त्या १२,००० मध्ये पेपर उघडून दहा प्रश्नांवर सोडून देणारे, दुसऱ्यांदा सोडवणारे, गंमत म्हणून आलेले सगळे धरलेले असणार. मोफत पेपरावर अशांची गर्दी जास्त असते. क्रमांक पाहायचाच तर ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी, एकदाच देता येणाऱ्या पेपरचा पाहावा. तोही फक्त तुमच्या स्वतःच्या मागच्या क्रमांकाशी ताडून.

लेकीची_आई

मग तलाठीच्या परीक्षेत २०० पैकी २१४ गुण आल्याच्या बातम्या होत्या त्या कशा? तेही संकेतस्थळाची चूक होती का? मुलीला विचारलं तर ती म्हणते आई तू राहू दे.

आकडेमोड

नाही ताई, ती वेगळी गोष्ट. २०२३ ची तलाठी परीक्षा संगणकावर, अनेक दिवस, अनेक सत्रांत झाली. प्रत्येक सत्राचा पेपर वेगळा, कुणाचा सोपा कुणाचा अवघड, म्हणून गुण एका पातळीवर आणायला सूत्र लावलं. अवघड सत्रात खूप चांगले गुण मिळवलेल्यांचे गुण त्यामुळे २०० च्या वर गेले. ते सूत्र योग्य की अयोग्य यावर वाद आहेत, पण ती बेरजेची चूक नव्हती. सराव पेपर विकणारे मात्र 'तुमचे सामान्यीकृत गुण' म्हणून जे दाखवतात त्याला काही आधार नाही, सगळ्यांनी एकच पेपर सोडवलेला असतो.

रानवारा

मी पेपर ३ आणि ४० जुळवले. सामान्य ज्ञानाचे २५ पैकी १४ सेम निघाले. पैसे तर गेले. आता जिल्ह्याचे जुने पेपर शोधतोय, कुणाकडे नाशिक ग्रामीणचे असतील तर सांगा.

गोदाकाठ

@रानवारा, माझ्याकडे दोन वर्षांचे आहेत. व्यनि करतो.

विनायककाका

केतकी, मी सुरुवातीला लिहिलं ते मागे घेतो. स्वस्तात जास्त पेपर हे माझं म्हणणं पेपर बरा असेल तरच खरं आहे. नातू संयुक्तची तयारी करतोय, त्याला हा धागा पाठवला. त्याचा प्रश्न: गट ब च्या पूर्वला १०० प्रश्न आणि एकच तास. मग तिथे नमुन्यात आणखी काय पाहायचं?

रेगूर

काका, तिथे लांबी पाहायची. तासाला १०० म्हणजे प्रश्नाला ३६ सेकंद, त्यात उत्तरपत्रिकेवर गोल भरणंही आलं. आयोगाच्या जुन्या पेपरची पानं मोजा आणि नमुना त्याच आकाराच्या अक्षरात छापून त्याची मोजा. नमुना निम्म्या पानांत मावत असेल तर नातवाला वेळेचा अंदाज पूर्ण चुकीचा लागेल. घरी दहा मिनिटं उरतील आणि परीक्षेत पंधरा प्रश्न राहतील. आणि पडद्यावर नको, कागदावर सोडवू दे. गोल भरायला लागणारा वेळ संकेतस्थळ मोजत नाही.

सिंहगडरोड

केतकी, मग काय ठरलं? सीसॅटचं पण कुणीतरी सांगा, तिथे नमुना कसा पारखायचा? मला उताऱ्यांचीच भीती आहे.

केतकी_सातारा

सांगते. आयोगाचा जुना पेपर शनिवारी छापून सोडवला, अंतिम तालिकेवरून तपासला. ११२ आले. म्हणजे पहिल्या संकेतस्थळाचे ११८ सगळ्यात जवळचे.

त्यांच्या पेपरातले वीस प्रश्नही तपासले. एक उत्तर शंकास्पद, एक स्पष्टीकरण अपुरं, बाकी नीट. जुने प्रश्न तिथेही चार होते, पण प्रत्येकापुढे वर्ष लिहिलं होतं. मग त्यांना चौदाव्या पेपरातले दहा प्रश्न मागितले. दोन दिवसांनी उत्तर आलं, दहाऐवजी पंधरा पाठवले. पंधरापैकी दोनांची स्पष्टीकरणं एका ओळीची आहेत, म्हणजे पहिल्या पेपरइतकी मेहनत मध्ये नाही हे दिसतंच. पण उत्तरं बरोबर आहेत. मुदतीबद्दल विचारलं तर 'सहा महिने, परीक्षा पुढे गेली तर वाढवून देऊ' असं लेखी दिलं. पूर्ण सिरीजऐवजी आधी एका महिन्याचेच पैसे भरलेत, ऑटोपे न लावता.

दुसऱ्या संकेतस्थळाला प्रश्न १५, ३५, ६० आणि ८० च्या चुका कळवल्या. ३५ चं उत्तर त्यांनी ३० केलं. ५५२ अजून तसंच आहे, 'तज्ज्ञांकडे पाठवलंय' म्हणाले. सीसॅटचे नमुने मी अजून उघडलेलेच नाहीत.

प्रश्न_काढायचो

सीसॅटचा उतारा मराठीत वाचून मग त्याचा इंग्रजी भाग वाचा. मराठी वाक्य दोनदा वाचल्याशिवाय लागत नसेल तर तो उतारा यंत्राने भाषांतर केलेला आहे. आयोगाच्या स्वतःच्या भाषांतरातही कधी कधी असं होतं, हे मात्र खरं, त्यामुळे किती वाकडं चालवून घ्यायचं हे मलाही नीट सांगता येणार नाही.

रेगूर

यावर मला बरंच लिहायचं आहे. सिंहगडरोड, तुम्हाला जड गेलेला एखादा उतारा टाका, त्यावरच बोलू.